साहेब चिकटवलेला फोटो

आमच्या संस्थेच्या वेबसाइटवर फोटोंची वर्णनं लिहिणाऱ्या बाईंना संचालकसाहेब पाठीमागे 'खडूस' म्हणत. अंध मुलींच्या वाचनालयाकडे हे महाशय कधी फिरकले नव्हते. तिथल्या फोटोत मात्र स्वतःला मधोमध चिकटवून घेतलं.

बाईंनी फोटोखाली आणि अंधांना स्क्रीन रीडर वाचून दाखवतो त्या ऑल्ट टेक्स्टमध्येही स्वच्छ लिहिलं: "दोन फोटो जोडून केलेलं चित्र. टेबलाशी सहा मुली ब्रेल वाचताहेत. मध्ये उभे हसणारे संचालक दुसऱ्या फोटोतून घेतले आहेत."

साहेब भडकले. "'संचालक मुलींसोबत' एवढंच लिहा! त्या पोरींना दिसतंय कुठे?"

बाईंनी मानही वर केली नाही. "दिसत नाही. पण तुम्ही आला नव्हता, हे त्या सहाजणींनाच पक्कं माहीत आहे."