ढगांचा सांधा

रंजनाने पांडेसऱ्यातल्या साडीछपाईच्या मिलमध्ये चौदा वर्षं कॉम्प्युटरवर डिझाइनं काढली. नक्षीचा एक चौकोन ती असा काढायची, की कापडावर कितीही वेळा छापला तरी सांधा सापडू नये. मिलमध्ये त्याला रिपीट म्हणतात.

महिन्यापूर्वी ती मोबाइल गेमच्या एका छोट्या ऑफिसात आली. बोलणं एक महिन्याचं होतं. काम जमलं तर कायम, नाहीतर राम राम. मिलमधली जागा केव्हाच भरली होती.

गेममध्ये बैलगाडी धावायची आणि मागचं दृश्य सरकायचं. प्रोग्रॅम लिहिणारा कुंदन तिला पहिल्याच दिवशी म्हणाला, "ताई, एसटीच्या खिडकीतून बघतो ना, तसं. जवळची झाडं झपाझप, डोंगर सावकाश, ढग तर हलतच नाहीत म्हणा. तीन वेगळी लांब चित्रं, तीन वेग. चित्र संपलं की त्याच्याच शेजारी तेच पुन्हा सुरू."

"म्हणजे रिपीटच की!" रंजना हसली होती.

आज महिना भरला. मालकीण गायत्रीबेन फोन हातात घेऊन बसल्या. रंजनाने मनात सप्तशृंगीचं नाव घेतलं. गाडी धावू लागली. दर दहा सेकंदांनी झाडांचं चित्र पुन्हा सुरू होत होतं, पण कुठे ते कळेना. डोंगरही बिनखोट. गायत्रीबेन खुशीत होत्या. दोन मिनिटं उलटली आणि त्या थबकल्या.

"अरे, आ शुं, काय हे? ढग कापला कोणी?"

उभ्या रेघेवर ढग तुटला होता. अर्धा वर, त्याचा उरलेला अर्धा बोटभर खाली.

"रोज खेळतो मी," कुंदन पुटपुटला. "पण अर्ध्या मिनिटात बैल पडतात माझे."

"तूच पडतोस, बैल कशाला पडतील," गायत्रीबेन म्हणाल्या.

ढग सगळ्यांत हळू, म्हणून त्यांचा सांधा सगळ्यांत उशिरा पडद्यावर आला. रंजनाच्या मात्र चूक लगेच ध्यानात आली. साडीवर बुट्ट्या एका रांगेत दिसू नयेत म्हणून शेजारचा चौकोन अर्धा खाली सरकवून जोडतात. ढग तिला बुट्ट्यांसारखेच वाटले. झाडं-डोंगर तिने सरळ जोडले, ढग मात्र हात आपसूक अर्धे खाली उतरवून गेला. तपासलेही तिने मिलच्याच पद्धतीने, मग चूक दिसणार कशी? इथे तर चित्रं नुसती शेजारी-शेजारी, समपातळीत लागत होती.

"बेन, चूक माझी. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत वेळ द्या."

"बसा ना. जेवूनच करा."

ती जेवली नाही. चित्र आडवं अर्धं सरकवलं, उभं अजिबात नाही. दोन्ही कडा मधोमध आल्या. तिथले तुटके ढग पुसून नवे अखंड काढले. चित्र पुन्हा होतं तिथे सरकवलं.

या वेळी गायत्रीबेननी फोन रंजनाच्याच हातात दिला. पाच मिनिटं गाडी पळाली, ढग दोनदा फिरून आले.

"कुठे जोडलंत?" गायत्रीबेननी विचारलं.

"आता मलाही दिसत नाही, बेन."

"मग सोमवारपासून कायम. आणि आता तरी डबा उघडा."

रंजनाने डबा उघडला. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी गार झाली होती. तिने अर्धी कुंदनला दिली.