आभारपत्रातली कॉलर

बसस्टँडच्या चौकशी खिडकीत बावीस वर्षं काढलेल्या त्या बाईंना समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायची सवयच नव्हती. प्रवासी नुसता "ती दुपारची..." म्हणाला, की आतून उत्तर, "अडीच वाजता, फलाट चार, आज उशीर आहे. पुढचे!" घरीही तोच खाक्या. त्यांचे वडील शिंपी, मुळातच मितभाषी. मुलगी दोघांच्या वाटचं बोलून टाकायची.

मग एका सकाळी चहा पिताना वडिलांचं तोंड एका बाजूला वाकडं झालं आणि उजव्या हातातून कप गळून पडला. मेंदूत रक्ताची गाठ अडकून पक्षाघाताचा झटका आला होता. मुलीने वेळ न घालवता दवाखाना गाठला म्हणून जीव वाचला. पण उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. समोरच्याचं सगळं कळायचं, शब्द मात्र ओठांवर येईना. पुढचे दोन महिने पुनर्वसन वॉर्डात गेले.

घरी परतल्यावर पंधरा दिवसांनी बाई आभाराचं पत्र लिहायला बसल्या. सुरुवात ऑफिसातल्या सवयीने झाली: 'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, रुग्णास समाधानकारक सेवा मिळाली.' त्यांनी ते वडिलांना मोठ्याने वाचून दाखवलं. वडिलांनी डावा हात असा झटकला, जणू कुणी बिनअस्तराचा कोट पुढे केलाय.

"काय झालं बाबा? पाणी? उशी? पंखा कमी करू?"

वडिलांनी डोळे मिटून घेतले. तेव्हा बाईंना स्पीच थेरपिस्ट आठवला. तिसऱ्याच दिवशी त्याने कोपरापासून हात जोडले होते. "ताई, शब्द ते शोधतायत आणि बोलताय तुम्ही. मनात दहा आकडे मोजा. नाहीच आलं तर फक्त पहिलं अक्षर द्या."

बाईंनी ओठ घट्ट मिटले. सातपर्यंत आल्या आणि वडिलांच्या तोंडून निघालं, "बा... बाही."

बाहीचं काय, हे विचारायची गरजच नव्हती. चाळीस वर्षं लोकांचे सदरे शिवणाऱ्या माणसाला सदरा घालायला शिकवलं ऑक्युपेशनल थेरपिस्टने. ती वॉर्डातली सगळ्यांत लहान पोरगी. घालताना अधू हात आधी बाहीत, काढताना चांगला हात आधी बाहेर. पहिल्या दिवशी अपमानाने लालेलाल झालेल्या शिंप्याने सदरा तिच्या अंगावर फेकला होता. तिने तो शांतपणे झटकला आणि परत मांडीवर पसरला. अकराव्या दिवशी गुंड्यांसकट सदरा अंगात गेला.

बाईंनी पहिला कागद फाडला आणि खरंखुरं लिहायला घेतलं. पातळ चहा श्वासनलिकेत जाऊन ठसका लागू नये म्हणून त्यात पावडर घालून तो घट्ट करायचे, आणि बाबांनी ती खळ तीनदा थुंकली, तरी नर्सबाई रागावल्या नाहीत. फिजिओथेरपिस्टने कमरेला पट्टा बांधून, डाव्या हातात काठी देऊन जिना शिकवला: चढताना चांगला पाय पुढे, उतरताना अधू. बाई मध्येच "जपून! जपून!" ओरडायच्या, म्हणून त्याने त्यांनाच दाराबाहेर उभं केलं, तेही लिहिलं.

"आणखी काही, बाबा?"

या वेळी नऊपर्यंत मोजावं लागलं. "पोरगी... हुशार. कॉलर... वाईट."

"कोणाची? त्या सदरावाल्या पोरीच्या पांढऱ्या कोटाची? छे! आभाराच्या पत्रात कोणी असं लिहितं का?"

काठी फरशीवर आपटली. बाईंनी निमूटपणे लिहिलं: 'बाबांच्या मते तुम्ही हुशार आहात. कोटाची कॉलर मात्र वाईट आहे.'

तपासणीच्या दिवशी त्या पोरीच्या हातात पत्र देताना बाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पोरगी शेवटच्या ओळीपर्यंत आली, आरशात वाकून पाहिलं आणि खो खो हसत सुटली. मग एकदम गंभीर झाली. "आजोबा, आता मातीचे गोळे दाबणं बंद. हे घ्या." तिने अंगातला कोट काढून टेबलावर ठेवला आणि शेजारी टाके उसवायची सुरी. "उजव्या हाताने कापड दाबून धरायचं, डाव्याने उसवायचं. नुसता व्यायाम तुम्ही टाळता, काम टाळणार नाही."

उजवा हात आठवडाभर घसरत राहिला. मग तळवा कापडावर टिकायला लागला, तोही धनी परत आल्यासारखा. कॉलर सुटी व्हायला पाच बैठका लागल्या. नवी बसवताना शिलाई बाईंनी घातली आणि वडिलांनी ती दोनदा उसवायला लावली.

हे ऐकून फिजिओथेरपिस्टही आपली पँट घेऊन आला. वडिलांनी ती उजेडात धरली, शिवण पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या. बाईंनी मोजायला सुरुवातही केली नव्हती.

"कुठल्या गाढवानं शिवलीय ही?"

एका दमात, सलग. स्पीच थेरपिस्टने धावत येऊन ते तारखेसकट फाइलमध्ये टिपलं. पँट आपल्याच सासऱ्यांनी शिवलीय, हे फिजिओथेरपिस्टने सांगितलंच नाही.