रंगारी नव्हे, पेंटर

सन २०२४. मला बहात्तरावं लागलं होतं. शाळा माझी तिसरीपर्यंतच, पण गंगाखेडात चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. जोडीदार राणीसावरगावचा. मी अक्षर आखायचो, तो सावली द्यायचा. त्या उन्हाळ्यात तो गेला.

तेरवीच्या आदल्या दिवशी सकाळी त्याच्या पुतण्यानं मोबाइलवर श्रद्धांजलीचं चित्र टाकलं. फोटो, मागं झेंडूची फुलं, नाव, आणि नावाखाली ओळ : ‘प्रसिद्ध रंगारी’. मी चष्मा पुसून परत वाचलं. खाली लोकांनी हात जोडायला सुरुवातही केली होती.

रंगारी भिंतीला रंग देतो. त्यात कमीपणा नाही, पण आम्ही पेंटर. त्याला कुणी ‘ए रंगारी’ म्हटलं की तो शिडीवरून उतरायचा. एका कापड दुकानाची पाटी त्यापायी अर्धीच राहिली होती. आता उतरायला तो नव्हता.

पुतण्याला फोन लावला.

“काका, कोण बघायलंय एवढं? दुपारी फ्लेक्स छापायला द्यायचाय.”

“मग दुपारच्या आत बदल.”

“बदलू कसं? करणाऱ्यानं फाइल उडवली. माझ्यापाशी नुसतं चित्र हाय.”

माझी सून माझ्याच जुन्या दुकानात कॉम्प्युटरवर पत्रिका अन् पोस्ट बनवते. तो डबा आत आला तेव्हापासून तीन वर्षं मी उंबरा ओलांडला नव्हता. त्या दिवशी ओलांडला.

मोबाइलवरची ओळ दाखवली. तिनं पुतण्याकडून चित्र डॉक्युमेंट म्हणून मागवलं. नुसतं फॉरवर्ड केलं की अक्षरं फुटतात म्हणाली. शेजारची फुलं उचलून जुन्या शब्दावर बसवली, शब्द गायब. तसलंच अक्षर तिच्यापाशी होतं. त्यात ‘पेंटर’ टाइप केलं, पांढरा काठ दिला, रंग भरला, सावली टाकली.

“झालं बघा मामा.”

“न्हाई झालं. जुन्या शब्दाची सावली फुलांवर तशीच हाय. शब्द पुसला, त्याची सावली कोण पुसणार?”

तिनं वाकून पाहिलं. खरंच, खाली उजवीकडं काळपट डाग राहिला होता. तिनं तोही फुलांनी झाकला.

“आता?”

“काठ आत खायलाय. ‘ट’चं पोट बारीक झालं. शेजारच्या शब्दाचा काठ बाहेरून हाय.”

तिनं काठ बाहेरून केला. सावलीही शेजारच्यासारखी खाली-उजवीकडं वळवली. मग शब्द कोरा करकरीत दिसायला लागला, तर जरासा मऊ केला. तासभर गेला. माझी कंबर धरली होती. तरी डोळ्याला खुपत होतं अन् नेमकं काय ते सापडत नव्हतं.

“मामा, तुमाला माझंच काम पटत न्हाई, का कुणाचंबी न्हाई?”

मी दोन्ही शब्दांकडं बघत बसलो. मग दिसलं. रंग वरून पिवळा, खाली येत तांबडा होत जाणारा. ‘प्रसिद्ध’चा ‘द्ध’ ओळीच्या खाली लोंबतो, पुरा तांबडा तिथं पोचतो. आमचा ‘पेंटर’ वरच संपतो, म्हणून त्याचा पाय आधीच लालभडक.

“रंग शब्दाला देऊ नको,” मी म्हणालो, “सगळ्या ओळीला दे. आमी पाटीवर आधी वरची अन् खालची रेघ मारायचो, मग त्या दोन रेघांत रंग उतरवायचो.”

ती थांबली. मग पूर्ण ओळ टाइप केली, ‘प्रसिद्ध पेंटर’, तिला तोच रंग दिला, रंग हलू नये म्हणून त्याचं पक्कं चित्र करून घेतलं, आणि नवा ‘प्रसिद्ध’ खोडून एकटा ‘पेंटर’ जुन्याशेजारी सरकवला. दोन शब्द एका हाताचे दिसायला लागले.

“हे मला कुणी शिकवलं न्हवतं,” ती म्हणाली.

‘चांगलं झालं’ एवढं म्हणायला हवं होतं. मी ‘दे पाठवून’ म्हणालो आणि उठलो. पुतण्यानं नवं चित्र टाकलं. तरी जुनंच फिरत होतं. एकदा सुटलेलं कोण गोळा करणार? निदान फ्लेक्स तरी नव्या चित्राचा छापला जाणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं राणीसावरगावला गेलो. मांडवाच्या दाराशी फ्लेक्स लावला होता. नाक टेकेल इतक्या जवळ जाऊन मी जुन्या-नव्या शब्दांमधला सांधा शोधला. सापडला नाही. तिथूनच सुनेला फोन लावला, “सांधा दिसत न्हाई,” म्हणालो, आणि आत जाऊन बसलो.