तीस दिवसांच्या आत

आईचं खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती फुलपाड्याला माझ्याकडेच होती. दीड वर्ष झालं होतं. ऑफिस, तिची अंघोळ, औषधं, पुन्हा ऑफिस. मी इतकी दमले होते की कुणी ‘कशी आहेस’ विचारलं तरी राग यायचा. दादा एव्हरशाईन सिटीत, म्हणजे रिक्षानं अर्ध्या तासावर, पण त्याला वेळ नसायचा. एकदा न राहवून मी त्याला मेसेज केला, तेव्हा त्याचं उत्तर आलं, ‘पुढच्या महिन्यापासून सहा महिने आई माझ्याकडे.’ त्याला मी चांगली ओळखून होते, म्हणून लगेच स्क्रीनशॉट काढला. तासाभरात त्यानं मेसेज डिलीट केलाच.

महिना उलटला. त्या शनिवारी फोनवर म्हणाला, “मी कधी म्हटलं असं? घरात जागा कुठंय?” चोराच्या उलट्या बोंबा! स्क्रीनशॉट शोधायला गेले, तर तो नाही. फोन भरला म्हणून तीन आठवड्यांपूर्वी मीच ढीगभर स्क्रीनशॉट एकदम उडवले होते.

“तो असं लिहिणारच नाही,” आई पलंगावरून म्हणाली. “तुझाच काहीतरी गैरसमज.”

माझं डोकं फिरलं. उडवलेले फोटो फोनमध्ये तीस दिवस राहतात, ते ‘रिसेंटली डिलीटेड’ उघडलं, पासकोड टाकला. वाण्याची यादी, लाइट बिल, कुणाचा तरी पत्ता, सगळा कचरा तिथं तसाच होता. प्रत्येक चित्रावर उरलेले दिवस लिहिलेले. आमच्या चित्रावर नऊ. रिकव्हर केलं. ते फोटोंच्या शेवटी दिसेना, तेव्हा पुन्हा घाबरले. मग कळलं, ते आपल्या जुन्या तारखेलाच जाऊन बसलं होतं.

“घे, वाच. तुझ्या लेकानं काय लिहिलंय ते.”

आईची सगळी नोकरी प्राथमिक शाळेत गेली. चष्मा लावून ती कुठलाही कागद वरपासून आणि मोठ्यानंच वाचते. तिनं तोंड उघडलं आणि मला आठवलं, वरचा मेसेज माझा होता.

“‘दादा, मला आता आई नकोशी झालीय. तिची हाक ऐकली की अंगावर काटा येतो. ने तिला.’”

मग तिनं खालचंही वाचलं, त्याच आवाजात, पूर्णविरामाशी थांबून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ‘रागात लिहिलं गं’ म्हणायला हवं होतं. पण ते खोटं झालं असतं, आणि खोटं बोलायचंही त्राण नव्हतं.

“खरंच लिहिलंय की त्यानं,” आई म्हणाली. फोन माझ्या हातात दिला. “पाठव त्याला. आता नाही म्हणायचा नाही.”

मी पाठवलं. दादानं दुसऱ्याच दिवशी गाडी आणली. मला हवं होतं ते सगळं झालं.

निघेपर्यंत आईनं मला एकदाही हाक मारली नाही. पाणी हवं होतं, तरी वॉकर धरून स्वतःच स्वयंपाकघरात गेली.