कडू सुरंजान

त्या वर्षी मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून बॉण्डची नोकरी करत होते. दुपारचे दोन वाजले तरी ओपीडीची रांग संपत नसे. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे लोकांशी मराठीत बोलताना वाक्य आधी मनात जुळवून बघायची सवय होती. दमले की तेवढंही होत नसे. मग ठरलेले प्रश्न तेवढे विचारायचे: किती दिवस झाले, ताप येतो का, दुसरं काही औषध चालू आहे का. उत्तर आलं की पुढचा पेशंट.

चाचा अशाच एका दुपारी आले. साठीचे शिंपी, एका पायात चप्पल, दुसऱ्याला नुसतं फडकं गुंडाळलेलं. अंगठ्याचा सांधा लालभडक, चकचकीत. मी बोट टेकवायच्या आधीच ते ओरडले, "अरे अरे अरे! बेटा, चादरीचा कोपरा लागला तरी जीव जातो!"

"रात्रीपासून का?"

"पहाटे जाग आली ती यानंच. मशीन मारायची कशी सांग. लग्नाचे कपडे पडलेत."

असा अंगठा त्यांचा तिसऱ्यांदा धरला होता. जुने रिपोर्ट पिशवीत होते: यूरिक ॲसिड वाढलेलं, किडनी ठीक. म्हणजे गाऊटच. दुसरं काही औषध? "न्हाय, काईच न्हाय." मी कोल्चिसिन लिहिलं. आता दोन गोळ्या, तासानं एक, उद्यापासून सकाळी एक, संध्याकाळी एक. शेजारी इंजेक्शनचा ट्रे लावणाऱ्या सिस्टर हसल्या. "मॅडम, पेशंटशी चार शब्द जास्त बोलायला बी गोळी लागती का?" मीही हसले. पुढचा पेशंट आत आला.

तिसऱ्या दिवशी चाचा दोन माणसांच्या खांद्यावरून आले. आदल्या दुपारपासून उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब, ओठ सुकलेले, लघवी जवळजवळ बंद. अंगठा मात्र निवळला होता. मी गोळ्यांची पट्टी मोजली. सांगितल्या होत्या तेवढ्याच गेल्या होत्या, एकही जास्त नाही. मग हे कशानं?

पुन्हा तोच प्रश्न विचारला असता तर पुन्हा तेच उत्तर आलं असतं. मी खुर्ची ओढून त्यांच्या बायकोजवळ बसले. "चाची, दुखायला लागल्यापासून पोटात काय काय गेलं? चहा, पाणी, काढा, सगळं सांगा."

चाचींनी नवऱ्याकडे पाहिलं. "ते सुरंजान घेतात ना. चूर्ण. अत्ताराकडचं, त्या जडीबूटीच्या दुकानातलं. दुखलं की दिवसातून तीनदा, चमचा चमचा."

"ते कुठं औषध आहे?" चाचा कॉटवरून पुटपुटले. "जडीबूटी आहे. आमचे अब्बा बी घ्यायचे."

"नेहमी गोड सुरंजान आणतात," चाची म्हणाल्या. "यावेळी अत्तार म्हणला, गोड संपलंय, कडू घेऊन जा, जास्त जोरदार आहे."

सुरंजान हा केशरासारख्या फुलाच्या एका झाडाचा कंद. आपल्या काळ्या मातीत तो येत नाही, थंड मुलखातून वाळून येतो. त्याच्याच भावकीतलं एक झाड परदेशात शरद ऋतूत, पानं नसताना फुलतं आणि माझी गोळी त्या झाडाची. दोन्हींत औषध एकच, कोल्चिसिन. गोडात अगदी थोडं, कडूत पुष्कळ. किती, ते पुडीवर कोण लिहिणार? दोन दिवस चाचा एकच औषध दोन वाटांनी घेत होते आणि मी मोजून दिलेल्या गोळ्यांवर समाधानी होते.

उतारा म्हणून देता येईल असं काही आमच्याकडे नव्हतं. सलाईन लावलं, ईसीजी काढला, रक्त पाठवलं. फिजिशियन सर शांतपणे म्हणाले, "जुलाब थांबले म्हणून खूश होऊ नकोस. आज पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतील. खरी घसरण दोन-तीन दिवसांनी होते. हाडातला मॅरो बसला तर साधं इन्फेक्शनही झेपणार नाही. रोज पेशींचा काउंट आणि किडनीसाठी रोज क्रिएटिनिन."

पहिला काउंट चौदा हजार आला. दुसऱ्या दिवशी नऊ. जुलाब थांबले, लघवी सुटली आणि चाचा घरी जायचं म्हणून भांडू लागले.

"अंगठा बरा झाला की! जुलाबात सगळं विष निघून गेलं. अब्बा म्हणायचे, पोट साफ झालं की सांधा सुटतो."

मी वाक्य जुळवत बसले नाही. "चाचा, विष कुठंच गेलेलं नाही. सांध्यात खड्यांसारखे बारीक स्फटिक असतात. ते अजून तिथंच आहेत. दुखतं ते तुमच्याच पांढऱ्या पेशींमुळं. स्फटिक दिसले की त्या रक्तातून धावत येतात, रक्ताच्या नळीच्या भिंतीला चिकटतात, फटीतून सांध्यात शिरतात आणि तिथं आग लावतात. मग त्या आणखी पेशींना बोलावतात."

"मग गोळी काय करती?"

"पेशीच्या आत बारीक दोरे असतात. तुकडा तुकडा जोडून ते सारखे नवे बनतात. कोणत्या दिशेला जायचं, ते त्या दोऱ्यांच्या आधारानं ठरवून पेशी वळते. कोल्चिसिन त्या तुकड्यांनाच चिकटतं. दोरा बनत नाही. पेशीला नीट चिकटता येत नाही, दिशा सापडत नाही. सांध्यात गर्दी होत नाही."

चाचा म्हणाले, "म्हंजे मशीन चालू, पण बॉबिनीत दोरा न्हाय. कापड सरकतंय, शिलाई पडंना."

"हो. पण असे दोरे शरीरातल्या सगळ्याच पेशींना लागतात. एका पेशीच्या दोन व्हायलाही ते लागतात. आतड्याचं अस्तर रोज नवं होतं, म्हणून मार आधी तिथं बसतो. जुलाब म्हणजे औषध लागू पडलं असं नाही, औषध जास्त झालं. हाडातला मगजही रोज नवं रक्त बनवतो. मी त्याचीच वाट बघतेय."

"कशाची?"

"तो बंद पडतोय का, याची."

चाचा घरी जायचं परत बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी साडेपाच हजार. चौथ्या दिवशी साडेतीन. सरांनी चाचांना कोपऱ्यातल्या खोलीत हलवायला सांगितलं, भेटणारे बंद केले. दर चार तासांनी ताप बघायचा. मी थर्मामीटर उजेडात धरून दोनदा वाचायचे. पाचव्या दिवशी सकाळी लॅबवाल्याचा फोन आला, तेव्हा मी जिन्यात बसले होते.

"तीन हजार सहाशे, मॅडम. परत लावून बघितलंय."

काउंट घसरायचा थांबला होता. सहाव्या दिवशी पाच हजारांच्या जवळ गेला. मी कोपऱ्यातल्या खोलीत जाऊन एवढंच म्हणाले, "चाचा, वर चाललंय." चाची भिंतीला टेकून रडल्या. चाचांनी विचारलं, "मशीन कधी मारू?"

सुट्टी देताना चाचींनी मला बाजूला घेतलं. "हे आता घेणार न्हाईत. पण बेटा, ते दुकान तर उघडंच आहे."

दोन दिवस मी तिथं जायचं टाळलं. रविवारी दुपारी बाजारात त्या अत्ताराच्या दुकानासमोर गेले आणि गिऱ्हाईक हटेपर्यंत पलीकडच्या पानटपरीपाशी उभी राहिले. मग आत जाऊन काय झालं ते सांगितलं. म्हातारा अत्तार शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग पेटीतून कडू सुरंजानाची पिशवी काढून त्यानं काउंटरवर ठेवली.

"वडिलांपासून विकतोय मी हे. तुमच्या गोळीत बी हेच असतं म्हणता. मग फरक काय?"

"माझ्या गोळीत किती आहे ते लिहिलेलं असतं."

पिशवीच्या तोंडाला गाठ मारून त्यानं ती पेटीत परत न ठेवता मागच्या खोलीत नेली. तिथं तिचं पुढे काय केलं, ते मी विचारलं नाही. एका दिवसाला पुरेल एवढं बोलून झालं होतं.