मंडईच्या सुट्टीचा अर्ज

तर विमलाबाईनं आपल्या चुलत सासऱ्याला मारायला साफ नकार दिला, आणि खरा घोळ तिथून सुरू झाला.

मारायचं म्हणजे कागदावर मारायचं. सुट्टीच्या अर्जात कोणी मेल्याचं लिहिलं की विमलाबाई राबते त्या बंगल्यावर लगेच मंजुरी मिळते, हे बालाघाटच्या त्या अख्ख्या गल्लीला ठाऊक झालेलं. बंगल्यावरच्या राजू ड्रायव्हरनं आपली आजी एकदा उन्हाळ्यात मारली आणि एकदा पोळ्याला मारली. दोन्ही खेपेला मालकीण रचनामॅडमनी डोळ्याला पदर लावून त्याला सुट्टी दिली, वर वाटखर्चही दिला. त्याची आजी अजून बिरशाच्या बाजारात मोहाची फुलं विकते आणि गिऱ्हाइकाशी कडाकडा भांडते. म्हणून शेजारच्या खोलीतली रुख्माबाई सांगत होती, विमले, डोमाजीबुवा म्हातारे झाले, लिहून टाक, कोण पाहायला येते लांजीकडे?

विमलाबाई भाकरीचं पीठ मळत होती. तिचा हात थांबला.

"जिता माणूस अंगणात बसून सुपारी कातरून राह्यला, अन् मी त्याले कागदावर मारू? अन् मंग तोच बुढा माह्या पोरीच्या पाहुण्यापुढं पान ठेवन. कोन्या तोंडानं पाहू मी त्याच्याकडं?"

रुख्माबाई म्हणाली, तोंड पाहायला सुट्टी तर मिळाली पायजे.  विमलाबाईचा राग पिठावर निघाला.

आता हा अर्ज आला कुठून? विमलाबाई त्या बंगल्यावर पोर गीता परकरात होती तेव्हापासून स्वयंपाक करते. नवरा प्रेमलाल लांजीच्या पलीकडच्या गावात धान पिकवतो, गीता बापाजवळ राहते, आणि विमलाबाई इथं वॉर्डातल्या एका खोलीत. इतकी वर्षं तिनं सुट्टी तोंडानंच मागितली. मॅडम, उद्या जाते, परवा येते. मॅडम म्हणायच्या, बरं, दूध विरजून जा. एवढंच. पण मॅडमचे यजमान वीरेंद्रसाहेब पाटबंधारे खात्यातून रिटायर होऊन घरी बसले. खात्यात दिवसभर माणसं अर्ज घेऊन दाराशी उभी असायची. घरी कोण अर्ज देणार? सकाळचा पेपर वाचून झाला की साहेबांचा हात नुसता टेबलावर वळवळायचा. मग एक दिवस त्यांनी फाइल आणली, लाल शाईचं पेन आणलं, आणि हुकूम काढला की यापुढं ड्रायव्हर, माळी, स्वयंपाकीण, सगळ्यांनी सुट्टी लेखी मागायची. कारण स्पष्ट लिहायचं. खोट्या कारणाला बंदी आहे असंही बजावलं. बंदी खोट्याला घातली आणि खरं मेलं, असा तो कारभार.

विमलाबाईचं शिक्षण माहेरी, गोंदियाकडच्या शाळेत, पाचवीपर्यंत. अक्षर गोल आणि सावकाश. दुसऱ्या दिवशी तिनं दुपारची भांडी आवरली, ओट्यावर कागद ठेवला आणि असा अर्ज लिहिला:

"आदरणीय साहेब व रचना मॅडम यांस, विमलाबाईचा नमस्कार. विनंती अशी की येत्या रविवारी आमच्या गावची मंडई आहे. घरी पाहुणे येणार आहेत. म्हणून मला शनिवार दुपारपासून सोमवारपर्यंत सुट्टी द्यावी. शनिवारी सकाळचा स्वयंपाक करून मी जाईन. मंगळवारी सकाळी चहाच्या वेळेला हजर राहीन. माझ्या बदली शेजारच्या रुख्माबाई येऊन स्वयंपाक करतील. त्यांना घरचं सगळं दाखवून देते. आपली गैरसोय होईल, त्याबद्दल माफी असावी. सुट्टी मिळाली तर उपकार होतील. आपली नम्र, विमलाबाई."

आता सांगा, या अर्जात काय कमी होतं? कधी जाणार, कधी येणार, मागं कोण राबणार, सगळं आलं. नमस्कार आला, माफी आली. एक गोष्ट मात्र तिनं लिहिली नव्हती, आणि ती लिहायचीच नसते.

आमच्या भागात दिवाळी झाली, धान कापून झालं, की गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. जिलेबीची दुकानं लागतात, रात्रभर दंडारीचं नाटक रंगतं, आणि घरोघरी सोयरेधायरे उतरतात. शहरातल्या माणसाला वाटतं, जत्रा आहे. पण त्या जिलेबीच्या आडून निम्म्या मुलखाच्या सोयरिकी जुळतात. त्यातली खुबी अशी की पोरगी पाहायला आलो असं कोणी म्हणत नाही. मंडईला आलो म्हणायचं. चहा प्यायचा, पोरगी चहा घेऊन येते, नजर पडते. पुरुष अंगणात धानाच्या गोष्टी करतात आणि पोराची आई चुलीजवळ सरकते. खरी विचारपूस तिथं होते, बाई बाईशी. जुळलं तर पुढं बोलणं होतं. नाही जुळलं तर कोणाचं काही गेलं नाही, पाहुणे मंडईला आले होते, मंडई पाहून गेले. पोरीला नकार मिळाला असं गावात कोणाला म्हणता येत नाही. म्हणून आधी वाच्यता करायची नाही. बोललं की ते पाहणं होतं, आणि पाहणं मोडलं की पोरीवर शिक्का बसतो.

लामत्याचा पवन नावाचा पोरगा होता. मोटरसायकली दुरुस्त करतो, हाताला काम आहे, दारूला शिवत नाही. त्याच्या घरचे रविवारी मंडईला येणार होते. चुलीजवळ पोराच्या आईशी बोलायला गीताची आई नसली, तर बोलणार कोण? गीताची काकू बोलली तरी तिच्या शब्दाला वजन काय? आणि पोराची आई उठतानाच म्हणणार, ज्या घरात माय मंडईलेही येत नाही, त्या घरात काय पाहावं.

साहेबांनी अर्ज वाचला. मंडई हा शब्द आला तिथं लाल रेघ मारली. त्याच रविवारी त्यांचे खात्यातले जुने मित्र कान्हाचं जंगल पाहून जेवायला उतरणार होते, आणि त्यांना विमलाबाईच्या हातचा बेसनाच्या पातोडीचा रस्सा खाऊ घालायचं वचन साहेब देऊन बसले होते. अर्जाच्या खाली लिहिलं, "नामंजूर. मेळा हे सुट्टीचे कारण होऊ शकत नाही." सही, तारीख.

मॅडम नागपूरच्या, बोलायला मऊ. त्यांनी कागद परत देताना समजावलं की विमलाबाई, मंडई तर महिनाभर कुठे ना कुठे असतेच, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावची पाहून या. एखादं आजारपण असतं, कोणी गेलं असतं, तर आम्ही अडवलं असतं का? राजूला कधी अडवलं?

राजूचं नाव निघालं तसं विमलाबाईच्या कानशिलाला आग लागली. आजी मारणाऱ्याला वाटखर्च आणि खरं लिहिणारीला लाल शाई. तिनं कागद घेतला, चौघडी केली, कमरेला खोचली आणि कढईतली भाजी हलवायला गेली. त्या रात्री बंगल्यावर वरणात मीठ नव्हतं. ती म्हणते विसरली. म्हणू द्या.

पुढं रुख्माबाईनं माया दाखवली आणि घोटाळा वाढवला. अर्ज नामंजूर झाला तरी शुक्रवारी ती घर पाहून घ्यायच्या निमित्तानं बंगल्यावर आली, आणि मॅडमच्या कानाशी लागून सांगून मोकळी झाली की विमलीच्या पोरीचं जमून राह्यलं, पोराकडचे येऊन राह्यले, तिले जाऊ द्या बाई.

मॅडमचा चेहरा फुलला. खरंच फुलला, त्यात खोट नव्हती. त्यांनी विमलाबाईला हॉलमध्ये बोलावलं, खुर्चीवर बसा म्हणाल्या. ती बसली नाही. साहेब पेपर बाजूला ठेवून चष्मा पुसत होते.

"अहो, एवढी आनंदाची गोष्ट, आणि तुम्ही लपवून ठेवलीत?" मॅडम म्हणाल्या. "त्यांना इथंच बोलवा ना. या हॉलमध्ये चहापाणी करू. मुलाकडच्यांवर छाप पडेल. मला नंबर द्या, मीच फोन करते त्याच्या आईला."

साहेबांनी फाइल ओढली. म्हणाले, फोनची गरज नाही. नवा अर्ज द्या, त्यात स्पष्ट लिहा की मुलीला बघायला अमुक गावचे अमुक लोक येत आहेत. खरं कारण आहे, मी रविवारीच संध्याकाळी सोडतो, माझ्या पाहुण्यांचं जेवण झाल्यावर.

विमलाबाईला पुढचं सगळं दिसलं.  तिची पोर लाल शाईच्या फाइलीत जाणार. ती फाइल दिवाणखान्यात उघडी पडलेली असते, राजू गाडीची किल्ली घ्यायला आला की चाळतो, आणि राजूची सासुरवाडी लामत्याची. सोमवारपर्यंत लामत्यात दुकानादुकानांत चर्चा, की बालाघाटच्या साहेबाच्या हॉलमध्ये पोरगी दाखवून राह्यले. आणि नाही जुळलं तर? आईबापानं ज्या गोष्टीवर इतकं झाकण ठेवलं, ती भल्या मनानं उघडायला निघालेली ही माणसं. वाईट मनानं निघाली असती तर दोन शब्द बोलून मोकळं होता आलं असतं.

मॅडम फोन हातात घेऊन वाट पाहत होत्या. दारात रुख्माबाई पदराचं टोक चावत होती, तिला आपली चूक कळली होती. साहेबांनी कोरा कागद पुढं सरकवला, पेनचं टोपण काढून दिलं आणि विचारलं, "लिहिताय ना?"

विमलाबाईनं कमरेची चौघडी काढली, उलगडली, तोच जुना अर्ज कोऱ्या कागदावर ठेवला आणि म्हणाली:

"साहेब, मंडई हेच कारन हाय, दुसरं मी लिहिनार नाही अन् नंबरही देनार नाही. पोरीचं नाव या घरात पुन्हा कोनी काढू नका, मॅडम, हात जोडून सांगते. तुमच्या पाहुण्यासाठी मसाला वाटून ठेवला, बेसन चाळून ठेवलं, पातोडी रुख्माबाईले येते. मी उद्या दुपारच्या गाडीनं लांजीले जाऊन राह्यली, मंगळवारी सकाळी येते. तुम्ही दार उघडलं तर चहा ठेवीन. नाही उघडलं तर दुसरं घर पाहीन, पन चुलीजवळ त्या बाईच्या समोर मीच बसीन."