प्रमिलाताई आणि एका प्रदर्शनाचं नाव

नलिनीताईंचा फोन आला तेव्हा मी कोलशेतच्या माझ्या छोट्या ऑफिसात एका शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका जुळवत बसले होते. नलिनीताई म्हणजे प्रमिलाताईंची धाकटी बहीण. दोघी डोंबिवलीत एकत्र राहायच्या. "मधुरा, ताई गेली गं... सकाळी चहा घेतला, पेपर उघडला आणि मान कलली," एवढंच त्या म्हणाल्या. मला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर बाकीच्यांना हे कोण कळवणार? मुरबाडच्या पुढच्या त्या गावात, जिथे सातजणी प्रमिलाताईंना नुसतं 'बाई' म्हणायच्या, तिथे फोन मीच करायचा होता. तो लावायला मला तासभर लागला.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. प्रमिलाताई आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्या होत्या. निवृत्तीनंतर त्या आठवड्यातून एकदा एसटीने त्या गावात जायच्या आणि शाळेच्या रिकाम्या वर्गात बायकांना कागद, ब्रश आणि रंग देऊन बसवायच्या. "शिकवते" असं त्या क्वचितच म्हणायच्या. "मी फक्त पाणी बदलते गं वाटीतलं," म्हणायच्या. माझं काम आमंत्रणपत्रिका आणि फलक करण्याचं, त्यामुळे त्यांच्या पहिल्या प्रदर्शनाच्या वेळी आमची ओळख झाली. डोंबिवलीत एका शाळेच्या हॉलमध्ये ते भरलं होतं. नाव त्यांनीच ठेवलं होतं, 'फाटक्या पदरातले रंग'. मला ते फार आवडलं होतं. मी पत्रिकेच्या कडेला फाटलेल्या कापडाची नक्षीसुद्धा काढली होती.

उद्घाटनाला त्या सातजणींमधल्या यमुनाबाई त्यांच्या मुलीबरोबर, रेश्माबरोबर आल्या. रेश्मा तेव्हा कल्याणला कॉलेजात होती. दारातच तिने फलक वाचला, मग आईला वाचून दाखवला. यमुनाबाईंनी पदर सारखा केला. नंतर प्रमिलाताईंच्या जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "बाई, मी नवी साडी नेसून आलेय." बस्स. ना आवाज चढला, ना डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी एका वार्ताहराने यमुनाबाईंचा हात चित्राच्या शेजारी ठेवून फोटो काढला आणि 'भाकरीची भ्रांत असूनही' वगैरे छापलं. रेश्माच्या वर्गात तो कागद फिरला. पुढची दोन वर्षं यमुनाबाई प्रमिलाताईंच्या चित्रांच्या वर्गात आल्या नाहीत.

प्रमिलाताई हे कधी विसरल्या नाहीत आणि मलाही विसरू दिलं नाही. त्या दर काही महिन्यांनी यमुनाबाईंच्या दारी जायच्या, चहा प्यायच्या आणि परत यायच्या. चित्राचा विषय काढायच्या नाहीत. एकदा निघताना त्यांनी सरळ सांगितलं, "माझं चुकलं. नाव तुमच्या चित्रांना द्यायचं होतं, मी ते तुमच्या गरिबीला दिलं. आणि तेही तुम्हाला न विचारता." यमुनाबाई म्हणाल्या, "गरीब हाय तर हाय. पण ते आमी सांगू ना." पुढच्या आठवड्यात त्या वर्गात येऊन बसल्या आणि त्यांनी पाण्याच्या टँकरचं चित्र काढलं.

त्यानंतरच दुसऱ्या प्रदर्शनाची गोष्ट सुरू झाली आणि प्रमिलाताईंची झोप उडाली. ठाण्यातलं एक छोटं कलादालन सहा दिवसांसाठी मिळालं होतं. एक कंपनी चित्रांच्या फ्रेम करून देणार होती, उद्घाटनाला पाहुणे आणणार होती. कंपनीच्या सामाजिक उपक्रमांचे प्रमुख मनाने चांगले होते. त्यांनीच नाव सुचवलं, 'मातीतले मोती', आणि फलकासाठी भेगाळलेल्या पावलांचा एक फोटो पाठवला. पावलं कोणाची होती, देव जाणे. त्या सातजणींपैकी कोणाची नव्हती.

प्रमिलाताई ते नाव आणि फोटो छापलेला कागद घेऊन माझ्याकडे आल्या. जिना चढून आल्यामुळे त्यांना धाप लागली होती, पण तिकडे लक्ष न देता त्या खुर्चीच्या कडेला टेकल्या. "मधुरा, यात चित्र कुठंय ते दाखव मला. माती आहे, मोती आहेत, पाय आहेत. चित्र कुठंय?" मी म्हटलं, मग आपण काही छानसं, तटस्थ ठेवू, टँकर वगैरे नकोच, रेषा, रंग असं काहीतरी. त्या माझ्यावर जवळजवळ ओरडल्या. "म्हणजे आता लपवायचं? अगं, टँकरसाठी त्या तीन-तीन तास उभ्या राहतात. तो टँकर यमुनाने काढलाय, तो राहणारच. पण तिने काढलाय तसा. तिने त्यात दोन बायका एकमेकींच्या झिंज्या उपटताना काढल्यात. चित्राखाली स्वतः नाव सांगितलंय, 'माझा नंबर होता'. आता यात मोती कुठले बसवू?"

पत्रिका छापायला जायला आठ दिवस होते. नाव एकदा ठरलं की ते पत्रिकेवर, दारातल्या फलकावर, वर्तमानपत्रांना द्यायच्या टिपणावर आणि भिंतीवरच्या मजकुरावर जाणार. एका जागी चुकलं की सगळीकडे चुकणार. त्या दिवसांत त्यांचे फोन सकाळी सातपासून सुरू व्हायचे. "'ग्रामीण महिलांची कला' लिहायचं का गं? आपण कधी 'शहरी पुरुषांची कला' लिहितो का?" मग थोड्या वेळाने, "पण गाव गाळलं तर तेही खोटंच. गाव प्रत्येकीच्या नावाखाली लिहू, कुठल्याही चित्रकाराचं लिहितात तसं." त्यांनी ठरवलं की 'निरक्षर', 'मोलमजुरी करणारी' असं काहीही परिचयात येणार नाही; नाव, गाव, माध्यम, आकार आणि चित्राचं नाव, एवढंच. ज्या बाईला आणखी काही सांगायचं असेल तिचं वाक्य, तिने सांगितलं तसं. चित्राखाली लावायची एक एक पट्टी त्या फोनवर वाचून दाखवायच्या आणि मधेच थांबायच्या. त्यांचा श्वास मला ऐकू यायचा... मी विचारलं की म्हणायच्या, "पंखा चालू आहे."

पाचव्या दिवशी आम्ही गावात गेलो. चित्रं वर्गाच्या भिंतींना टेकवून ठेवली आणि सातजणींना समोर बसवलं. प्रमिलाताईंनी नावं सुचवली नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "ठाण्यात बहिणीला फोन करून प्रदर्शनाला बोलवायचं, तर काय सांगाल? काय काय बघायला मिळेल?" हिराबाई म्हणाल्या, "सांगेन, टेम्पो बघायला ये. आमच्या भाच्याच्या लग्नाचा टेम्पो उलटला, कोणाला काय झालं नाय, पण केक गेला." सगळ्या हसल्या. यमुनाबाई म्हणाल्या, "माझ्यात टँकर हाय." तिसरीने आपल्या घरी एकदम आलेल्या अकरा पाहुण्यांचं चित्र काढलं होतं. मी वहीत लिहीत गेले. टँकर, टेम्पो, पाहुणे... प्रमिलाताईंनी ते तीन शब्द मोठ्याने वाचले. "हेच," त्या म्हणाल्या. मागून एकीने विचारलं, "आणि आमी चौघी? आमचं नाव कुठाय?" प्रश्न बरोबर होता. तिथेच ठरलं की नावाखाली सातही चित्रकारांची पूर्ण नावं येतील, एकाच मापाच्या अक्षरात, आणि फलकावर पावलं नाहीत, चित्रच. कुठलं, ते चिठ्ठी टाकून. चिठ्ठी त्या चौघींमधल्याच एकीची निघाली.

कंपनीच्या साहेबांना हे रुचलं नाही. "ताई, हे नाव आहे की वाहतूक पोलिसांची नोटीस? माझी आजी डोक्यावर हंडे वाहायची. मला यातला संघर्ष लोकांपर्यंत पोचवायचाय." प्रमिलाताई शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या आजीला कोणी त्यासाठी मोती म्हटलं असतं तर त्यांना काय वाटलं असतं, माहीत नाही मला. तुम्हाला माहीत असेल." दोन दिवसांनी निरोप आला, फ्रेम झाल्यात त्या ठेवून घ्या, पण पाहुणे येणार नाहीत आणि कंपनीचं नाव घालू नका. फोन ठेवून प्रमिलाताई माझ्याकडे वळल्या. "हट्ट माझा, आणि हॉल रिकामा राहिला तर अपमान त्यांचा. मधुरा, मी परत तेच करतेय का गं, दुसऱ्या बाजूने?" त्यांनी सातहीजणींना फोन करून सगळं सांगितलं आणि विचारलं, नाव बदलायचं का? रेश्माने फोन स्पीकरवर ठेवला होता. यमुनाबाईंचा आवाज आला, "पाहुणे नाय आले तर भिंतीवर अकरा हायेतच."

हॉल रिकामा राहिला नाही, भरूनही गेला नाही. शनिवार-रविवारी बरी गर्दी झाली. लोक दारात नाव वाचून हसत आत यायचे आणि टँकरसमोर आल्यावर त्यांचं हसू थांबायचं. कोणी झिंज्या उपटणाऱ्या बायकांपैकी एकीकडे बोट करून यमुनाबाईंना 'या तुम्हीच ना?' असं विचारलं की त्या दुसरीकडे बोट दाखवायच्या. एका वर्तमानपत्राने तरीही 'गरिबीवर मात' असा मथळा दिलाच. प्रमिलाताईंनी संपादकांना दोन ओळींचं पत्र लिहिलं. ते छापून आलं नाही. शेवटच्या दिवशी त्या एका बाकावर बसून होत्या, ओठ जरा निळसर. डॉक्टरांनी त्यांना त्याच्या महिनाभर आधीच विश्रांती सांगितली होती, हे मला त्या गेल्यावर नलिनीताईंकडून कळलं.

आणि मग मी काय केलं, ते सांगितलंच पाहिजे. शोकसभेची पत्रिका माझ्याकडेच आली. रडत रडत मी अर्ध्या तासात लिहून टाकलं, 'उपेक्षितांच्या जीवनात रंग भरणाऱ्या प्रमिलाताई'. सगळ्यांना पाठवली आणि थोड्याच वेळात रेश्माचा फोन. ती आता नोकरी करते, आवाजात एक संकोच होता. "ताई, राग मानू नका. आईला वाचून दाखवलं. आई विचारते, आमच्या जीवनात आधी रंग नव्हते का?" एवढं सगळं डोळ्यांनी बघून, ऐकून, माझ्या हातून तेच आलं होतं. मी विचारलं, मग काय लिहू? पलीकडे थोडी कुजबुज झाली. "आई म्हणते, बाई चित्रं शिकवायच्या. तसंच लिवा."

तसंच लिहिलं. सभा झाल्यावर सातहीजणी दोघी बहिणींच्या डोंबिवलीच्या घरी आल्या. मानपाड्याच्या बाजूला उघडणारी खिडकी असलेली प्रमिलाताईंची खोली नलिनीताईंनी तशीच ठेवली आहे. यमुनाबाईंनी विचारलं, "बाई स्वतः काय काढायच्या?" इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं. नलिनीताईंनी कपाटाच्या तळातून एक जाड फोल्डर काढला. आत पस्तीस-चाळीस चित्रं होती, सगळी त्याच खिडकीतून दिसणारी. कारखान्यांच्या चिमण्या, त्यांच्यावर कधी करडं, कधी गुलाबीसर आभाळ, समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी. एकाच्याही मागे नाव नव्हतं. मी लगेच म्हटलं, याचं प्रदर्शन करायला हवं, नाव काय देऊ या...

यमुनाबाई जमिनीवर बसल्या, चित्रं एकेक करून फरशीवर मांडू लागल्या आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "घाई नको. आदी बघू तरी दे, बाईंनी काय काढलंय ते."

आम्ही सगळ्या खाली बसलो. नलिनीताईंनी खिडकी पूर्ण उघडली.